साखरेवरचा खोटा आळ

कल्याण पश्चिमेच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत रविवारी संध्याकाळी तळमजल्याच्या हॉलमध्ये वाढदिवस असला, की साडेसातच्या सुमाराला एक वाक्य हमखास ऐकू येतं. वीस-पंचवीस मुलं फुग्यांमागे धावत असतात, स्पीकर दणाणत असतो, दोन खुर्च्या आडव्या पडलेल्या असतात आणि केकचा दुसरा तुकडा मागणाऱ्या मुलाची आई यजमानीणबाईंना म्हणते, "नको हो ताई, त्याला आणखी गोड देऊ नका. साखर पोटात गेली की रात्री बारापर्यंत नाचतो." शेजारच्या दोघी-तिघी लगेच दुजोरा देतात. एकीच्या मुलाला चॉकलेटचं होतं, दुसरीच्या मुलीला आइस्क्रीमचं. "शुगर रश" हा शब्द आता कल्याण-डोंबिवलीतल्या पालकांच्या बोलण्यात इतका रुळला आहे, की त्याला पुरावा काय, असं विचारणारा माणूसच विचित्र ठरतो.

तरीही विचारायला हवं, कारण ही समजूत खरी नाही. साखर खाल्ल्याने मुलं बेफाम होतात का, हा प्रश्न चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत गेला, अनेकदा तपासला गेला आणि त्याचं उत्तर जवळपास एकमुखाने आलं: होत नाहीत. ज्या मुलांचे आईवडील "आमच्या मुलाला साखर चढते" असं ठामपणे सांगत होते, त्या मुलांवरही हे प्रयोग झाले. तिथेही साखर निर्दोष सुटली.

यातला सर्वांत कसून केलेला प्रयोग १९९४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. मार्क वोलरिच या बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात तो केला. त्यांनी मुलांचे दोन गट घेतले. एका गटात तीन ते पाच वर्षांची पंचवीस साधी, निरोगी मुलं होती. दुसऱ्या गटात सहा ते दहा वर्षांची तेवीस मुलं होती आणि त्यांची निवडच अशी केली होती, की साखरेने मूल बिघडतं याबद्दल त्यांच्या पालकांच्या मनात शंका नव्हती. म्हणजे समजूत खरी असेल, तर ती सिद्ध व्हायला याहून सोयीची मुलं मिळणं कठीण होतं.

मग संशोधकांनी जे केलं ते वाचताना त्यांच्या चिकाटीचं कौतुक वाटतं. मुलाला एक ग्लास सरबत पाजून तासभर बघत बसणं त्यांना पुरेसं वाटलं नाही. त्यांनी या कुटुंबांच्या घरचा किराणाच बदलला. घरातलं खाणं बाजूला काढलं आणि नऊ आठवडे सगळ्या घराला लागणारं खाणं स्वतः पुरवलं. तीन आठवडे भरपूर साखरेचा आहार, तीन आठवडे साखर कमी पण अ‍ॅस्पार्टेमने गोड केलेला आहार, आणि तीन आठवडे साखर कमी पण सॅकरिनने गोड केलेला आहार. गोडी तिन्ही वेळा होती. साखर मात्र एकदाच होती. कृत्रिम रंग आणि टिकवण्याची रसायनं तिन्ही आहारांतून काढून टाकली होती, म्हणजे उद्या त्यांच्यामुळे गोंधळ झाला असं म्हणायला जागा राहू नये. कुठल्या आठवड्यात काय चालू आहे हे मुलांना, पालकांना आणि मुलांच्या चाचण्या घेणाऱ्यांना, कोणालाच माहीत नव्हतं.

साखरेचं प्रमाणही थोडंथोडकं नव्हतं. शाळकरी मुलांच्या पोटात साखरेच्या आहारात रोज सरासरी वजनाच्या दर किलोमागे साडेचार ग्रॅम साखर जात होती. वीस किलोच्या मुलासाठी हा हिशेब नव्वद ग्रॅमचा होतो, म्हणजे पाच ग्रॅमचा एक असे अठरा चमचे, आणि तेही रोज, तीन आठवडे. वाढदिवसाच्या केकचा एक तुकडा आणि कोलाची छोटी बाटली यांत मिळून साधारण त्याच्या निम्मी साखर असते. हॉलमध्ये जेवढ्या साखरेला सगळे घाबरतात, तिच्या दुपटीचा मारा या मुलांवर रोज झाला होता.

वागणूक, लक्ष, स्मरण, चिडचिड, हातापायांची चुळबुळ, शिक्षकांचं मत, आईवडिलांचं मत अशा एकूण एकोणचाळीस बाबी मोजल्या गेल्या. साखरेला संवेदनशील म्हणून आणलेल्या मुलांमध्ये तिन्ही आहारांत एकाही बाबीत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. लहान गटात एकतीस मोजमापांपैकी चारांत फरक दिसला, पण त्याला काही सुसंगत दिशा नव्हती. एवढ्या बाबी मोजल्या की एक-दोन ठिकाणी फरक निव्वळ योगायोगानेही दिसतो, हे संख्याशास्त्र शिकलेल्या कोणालाही माहीत असतं.

एका प्रयोगावर कोणी विसंबू नये, हे रास्तच आहे. म्हणून वोलरिच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, तोवर झालेले असे तेवीस प्रयोग एकत्र करून त्यांचं गणित मांडलं. अट कडक होती: मुलाला साखर दिली की दुसरं काही, हे मूल, पालक आणि निरीक्षक यांच्यापैकी कोणालाही माहीत नसलेलेच प्रयोग घ्यायचे. यांतल्या बऱ्याच प्रयोगांत एका बैठकीत दर किलोला दीड ते दोन ग्रॅमपर्यंत साखर पाजली होती. काही मुलं साधी होती, काहींना एडीएचडी होता, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार. निष्कर्ष असा निघाला, की साखरेचा मुलांच्या वागण्यावर किंवा आकलनावर परिणाम होत नाही. लेखकांनी प्रामाणिकपणे एक पुस्ती जोडली: अगदी बारीक परिणाम, किंवा मोजक्या मुलांवर होणारा परिणाम, पूर्णपणे नाकारता येत नाही. ही पुस्ती साखरेवर आळ घेणाऱ्यांना आधार वाटते. पण हॉलमध्ये ज्या परिणामाची चर्चा चालते तो बारीक नसतो. "खुर्चीवरून उड्या मारतो, ऐकतच नाही, झोपत नाही" अशा थराचा परिणाम खरा असता, तर तेवीस प्रयोगांतून तो निसटला नसता.

इथे आया एकच मुद्दा मांडतात आणि तो वजनदार असतो: "अहो, आम्ही डोळ्यांनी बघतो ना!"

या मुद्द्याचा मान ठेवायला हवा. आई खोटं बोलत नाही. तिला ते खरंच दिसतं. प्रश्न एवढाच, की तिला जे दिसतं ते मुलाच्या अंगात घडतं की तिच्या पाहण्यात. याचं उत्तर शोधायला डॅनियल हूवर आणि रिचर्ड मिलिच यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. तोही १९९४ चाच. पाच ते सात वर्षांचे पस्तीस मुलगे आणि त्यांच्या आया त्यात होत्या. "माझ्या मुलाला साखर चढते" असं या आयांनीच आधी सांगितलं होतं. संशोधकांनी काही आयांना सांगितलं, तुमच्या मुलाला आम्ही भरपूर साखर दिली आहे. उरलेल्यांना सांगितलं, तुमच्या मुलाला साखर नसलेलं पेय दिलं आहे. प्रत्यक्षात एकाही मुलाला साखर दिली नव्हती. सगळ्यांना अ‍ॅस्पार्टेम घातलेलं तेच पेय दिलं होतं.

मग आई आणि मुलगा एकत्र खेळत असताना चित्रीकरण केलं आणि नंतर आईला विचारलं, मुलगा कसा वागला? ज्यांना साखर दिल्याचं सांगितलं होतं, त्या आयांनी आपल्या मुलांना दुसऱ्या गटातल्या आयांपेक्षा स्पष्टपणे जास्त चंचल ठरवलं. पेय एकच, साखर शून्य, फरक फक्त कानावर पडलेल्या एका वाक्याचा.

चित्रीकरणात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती जास्त महत्त्वाची आहे. साखर दिली असं मानणाऱ्या आया मुलाच्या जवळून हलत नव्हत्या, त्याच्यावर ताबा ठेवू पाहत होत्या. त्याला टोकणं, त्याच्याकडे सतत पाहणं, त्याच्याशी बोलत राहणं यांकडेही त्यांचा कल जास्त दिसला. आता सहा वर्षांच्या मुलाची बाजू बघा. आई खेटून बसली आहे, दर दोन मिनिटांनी "नीट बस", "हळू", "ते सोड" असं चाललं आहे. कुठलंही मूल अशा वेळी चुळबुळ करतं, हट्टाला पेटतं. म्हणजे समजूत फक्त डोळ्यांना फसवत नाही, ती आईचं वागणं बदलते, आणि मग मुलाचं वागणंही बदलू शकतं. शेवटी आईच्या हाती पुरावा लागतो, पण तो तिच्याच टोकण्यातून तयार झालेला असतो.

दुसरा मुद्दा शरीरशास्त्राच्या नावाने येतो. साखर म्हणजे ऊर्जा, ती रक्तात गेली की मुलाच्या अंगात ऊर्जा उसळते, असं सांगितलं जातं. ऐकायला पटतं, पण शरीर असं चालत नाही. साखरेचा रेणू लहान आतड्यात फुटतो तेव्हा अर्धं ग्लुकोज होतं आणि अर्धं फ्रुक्टोज. फ्रुक्टोज मुख्यतः यकृताकडे जातं आणि रक्तातली साखर फारशी वाढवत नाही. ग्लुकोज रक्तात चढतं, त्यासरशी इन्सुलिन सुटतं आणि निरोगी मुलात साधारण दोन तासांत पातळी पुन्हा जागेवर येते. वाढलेलं ग्लुकोज स्नायूंना पळायला लावत नाही. ते स्नायूंत आणि यकृतात साठवलं जातं. शिवाय भात आणि मैदा यांचंही शेवटी ग्लुकोजच होतं. पांढऱ्या भाताने रक्तातली साखर जवळपास पांढऱ्या साखरेइतकीच वेगाने वाढते, कित्येकदा थोडी जास्तच. रक्तात ग्लुकोज चढल्याने मुलं बेफाम होत असती, तर दर दुपारी वरणभातानंतर महाराष्ट्रातली घरं दणाणून गेली असती. प्रत्यक्षात त्या वेळी मुलं डुलक्या घेतात.

शरीरशास्त्रातला एक धागा मात्र खरा आहे आणि तो लपवू नये. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं, की ग्लुकोज पाजल्यानंतर काही तासांनी रक्तातली साखर उतरू लागते, तेव्हा मुलांच्या शरीरात अ‍ॅड्रेनालिन मोठ्या माणसांपेक्षा बरंच जास्त सुटतं आणि काही मुलांना अस्वस्थ, गळून गेल्यासारखं वाटतं. पण हा परिणाम उपाशीपोटी नुसतं ग्लुकोज पाजल्यावर, काही तासांनी दिसला होता. केक खाल्ल्यावर पंधराव्या मिनिटाला सुरू झालेल्या दंग्याचं स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही.

मग हॉलमध्ये दंगा का होतो? कारण तो हॉल आहे. एका बंद खोलीत समवयस्क वीस मुलं, मोठा आवाज, खेळ, बक्षिसं, नवे कपडे, झोपेची वेळ टळलेली, आणि आईवडील आपापसांत गप्पांत. त्यात केक असतो, म्हणून आळ केकवर जातो. हेच चित्र गुढीपाडव्याच्या सकाळी दिसतं. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने रुजवली आणि तिथून ती गावोगाव गेली. या यात्रेसाठी मुलांना पहाटे उठवतात, नऊवारी किंवा धोतर नेसवतात, गळ्यात साखरेच्या गाठींची माळ घालतात. ढोलताशांच्या दणदणाटात मुलं दोन-तीन तास उन्हात चालतात. घरी आल्यावर ती चिडचिडी असतात, उगाच धावतात, जेवत नाहीत. बघणाऱ्याला गळ्यातली अर्धी खाल्लेली गाठी दिसते आणि निकाल लागतो. पहाटेपासून न झालेली झोप, ऊन, ढोल, गर्दी हे सगळं त्या निकालातून गळून जातं, कारण ते हातात धरून दाखवता येत नाही. गाठी दाखवता येते.

आणि ज्या संध्याकाळी मुलाने गोड खाल्लं पण शांत चित्र काढत बसलं, त्या संध्याकाळची नोंद कोणी ठेवत नाही. रोज सकाळी साखर घातलेलं दूध पिऊन मूल शाळेच्या बसमध्ये पेंगत असतं, तेव्हा साखर कोणाला आठवत नाही. आठवण फक्त दोन्ही गोष्टी एकत्र आलेल्या प्रसंगांची राहते, आणि अशा पाच-सहा आठवणी साठल्या की त्यांनाच अनुभव म्हटलं जातं.

या समजुतीबद्दल आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात घ्यावी: ही आपली नाहीच. आपल्या आज्यांनी गोडाला नावं ठेवली ती वेगळ्या कारणांनी. गोड खाल्लं की जंत होतात, दात किडतात, कफ होतो, असं त्या म्हणत. साखरेने पोर उधळतं, असं म्हणणारी आजी शोधून सापडणार नाही. चरकसंहितेने मधुर रसाच्या अतिसेवनाचे दोष सांगितले आहेत. त्यांत स्थूलपणा, आळस, जडपणा आणि फार झोप येणं हे आहेत, म्हणजे चंचलतेच्या नेमकं उलट. पुरणपोळीच्या जेवणानंतर घरोघरी आडवं होणाऱ्या माणसांना हे कोणी समजावून सांगायला नको. आजींचं जंतांचं शास्त्रही चुकीचंच होतं, कारण जंत अस्वच्छतेतून होतात. पण त्यातून इतकं तरी कळतं, की साखर आणि दंगा यांचा संबंध डोळ्यांसमोर उघड असता, तर पिढ्यान्‌पिढ्या संक्रांतीला तिळगूळ, बोरन्हाणाला हलवा आणि पाडव्याला गाठी मुलांच्या हाती देणाऱ्या समाजाला तो केव्हाच दिसला असता.

ही समजूत रुजली ती अमेरिकेत, मुख्यतः १९७० च्या दशकात. सॅन फ्रान्सिस्कोतले अ‍ॅलर्जीतज्ज्ञ बेन फाइनगोल्ड यांनी १९७३ मध्ये मांडलं, की खाण्यातले कृत्रिम रंग, स्वाद आणि काही नैसर्गिक रसायनं मुलांना अतिचंचल करतात. त्यांच्या मूळ यादीत साखर नव्हती. पण खाण्याने वागणं बिघडतं ही कल्पना एकदा लोकांच्या मनात बसल्यावर रंगांची नावं मागे पडली आणि घराघरात असलेली, आधीच वजनासाठी आणि दातांसाठी बदनाम असलेली साखर पुढे आली. १९८० मध्ये एका अभ्यासात अतिचंचल मुलांच्या साखर खाण्याचा आणि त्यांच्या तोडफोडीचा संबंध दिसला, तेव्हा तर शिक्कामोर्तब झाल्यासारखं वाटलं. पण तो नुसता सहसंबंध होता. कोणामुळे कोण, हे त्यातून कळत नव्हतं. जास्त हालचाल करणारं मूल जास्त खातं, जास्त हट्ट करतं, आणि त्याला गप्प करायला घरचे जास्त गोड देतात, हेही तितकंच शक्य होतं. ब्राझीलमधल्या पेलोटास शहरात जन्मापासून पाहणीखाली असलेल्या सुमारे तीन हजार मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सहाव्या वर्षी एडीएचडी असलेले मुलगे साखर जास्त खात होते, पण जास्त साखर खाल्ल्याने पुढच्या पाच वर्षांत नव्याने एडीएचडी होण्याचा धोका वाढला नाही. म्हणजे साखर हे कारण नसून बहुधा त्या मुलांच्या स्वभावाचा परिणाम होता.

फाइनगोल्ड यांचा मूळ संशय मात्र सगळाच वाया गेला नाही. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठाने 'लॅन्सेट'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन अशा सहा कृत्रिम रंगांतल्या काही रंगांची सोडियम बेन्झोएटबरोबर केलेली मिश्रणं तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना पाजली, तेव्हा काही मुलांच्या चंचलतेत थोडी पण मोजता येण्याजोगी वाढ दिसली. युरोपीय संघाने २०१० पासून या सहा रंगांच्या खाद्यपदार्थांवर मुलांच्या हालचालीवर आणि लक्षावर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापणं बंधनकारक केलं. वर सांगितलेले तिन्ही रंग भारतात ठरावीक मर्यादेत चालतात, पण तसली सूचना इथल्या वेष्टनावर नसते. आणि रस्त्यावरच्या गुलाबी म्हातारीच्या केसांत तर कधी कधी रोडामाइन-बी हा कपडे रंगवायचा, खाण्याला पूर्ण बंदी असलेला रंग सापडतो. त्याच कारणाने तमिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हातारीच्या केसांवर बंदी घातली. कोलाच्या अडीचशे मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पंचवीस मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि संध्याकाळी सातला ते पोटात गेलं तर वीस किलोच्या मुलाची झोप लांबू शकते. म्हणजे वाढदिवसाच्या ताटात खरोखर तपासावं असं काही आहे. सगळा आळ साखरेवर टाकला की ते तपासायचं राहून जातं.

"बरं, समजूत चुकीची असेना, पण साखर वाईटच ना? मग त्या भीतीने मुलं कमी खातील तर काय बिघडलं?" हा शेवटचा बचाव सगळ्यांत समजूतदार वाटतो आणि सगळ्यांत जास्त नुकसान करतो.

साखर कमी करण्याची कारणं पक्की आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की दिवसभराच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा वरून घातलेल्या साखरेतून यावी आणि पाच टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर उत्तम. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं, तेव्हा चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या ऊर्जेत साखरेचा वाटा तेरा टक्के असल्याचा आकडा दिला होता. लहान वयात दिसू लागलेला टाइप दोनचा मधुमेह, वाढतं वजन, किडलेले दुधाचे दात ही कारणं मुलाच्या पालकाला पुरेशी असायला हवीत. त्यांच्या जोडीला एक खोटं कारण लावलं, की खरी कारणंही हलकी होतात. ज्या मुलाला साखर चढत नाही त्याची आई निश्चिंत होते: "आमच्याला काही होत नाही, खाऊ दे." दात आणि स्वादुपिंड तर दंगा न करता बिघडतात.

पण खरं नुकसान दुसरीकडे होतं, आणि ते एडीएचडी असलेल्या मुलांचं. हा विकार मेंदूच्या वाढीशी निगडित आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. अशा मुलाच्या आईला नातेवाईक, शेजारी, कधी वर्गशिक्षिकाही सांगतात, "गोड बंद करा, होईल शांत." ती गोड बंद करते. मूल शांत होत नाही. मग बिस्किटं बंद, मग फळांचे रस बंद, मग मामाच्या घरी जाणं बंद, कारण तिथे लाड होतात. यात एक-दोन वर्षं सहज जातात. मूल वर्गात मागे पडतं, मित्र तुटतात, आणि आई स्वतःला अपराधी समजू लागते की कुठे तरी चुकून साखर जात असणार. ज्या काळात वर्तनोपचार, शाळेची मदत आणि गरज असेल तर औषध मिळायला हवं, तो काळ डबे तपासण्यात निघून जातो. एका निरुपद्रवी वाटणाऱ्या समजुतीची ही किंमत आहे, आणि ती मूल मोजतं.

तरीही एखाद्या घराला वाटत असेल की आपलं मूल अपवाद आहे, तर ते स्वस्तात तपासता येतं. सुट्टीच्या सहा निवांत दुपारी निवडाव्यात, लागोपाठ नकोत. पाहुणे नकोत, टीव्ही नको. दर वेळी बाबांनी आतल्या खोलीत नाणं उडवावं: छापा पडला तर चारला दोन गुलाबजाम, काटा पडला तर दोन चकल्या आणि पाणी. त्यातलं काहीही आईला कळू नये. खाऊन झालं की मुलाचं तोंड धुवावं आणि मग आईने खोलीत यावं. पुढचा तासभर मूल नेहमीसारखं खेळेल. आईने शेवटी कागदावर फक्त लिहावं, आज गोड होतं की तिखट. मुलाला काय खाल्लं हे विचारायचं नाही, आणि त्याने आपणहून सांगितलंच तर ती दुपार बाद धरायची. सहाच्या सहा उत्तरं निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चौसष्टात एक आहे. सहापैकी तीन-चार बरोबर आली, तर ते नाण्याच्याच तोलाचं उत्तर आहे. घरगुती चाचणीला मर्यादा आहेत, तिच्यावरून निदान करायचं नसतं. पण न कळता बघणं आणि कळून बघणं यांतला फरक ती घरातल्या घरात दाखवते, आणि हेच काम त्या तेवीस प्रयोगांनी अधिक काटेकोरपणे केलं.

साखरेचा मेंदूवर काहीच परिणाम होत नाही, असंही नाही. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घ्यायचं असतं तेव्हा कित्येक रुग्णालयांत दोन मिनिटं आधी साखरेच्या पाण्याचे काही थेंब बाळाच्या जिभेवर देतात. बाळ कमी रडतं, लवकर शांत होतं. अनेक चाचण्यांतून सिद्ध झालेला हा उपाय आहे. मुलांच्या वागण्यावर साखरेचा जो परिणाम पक्का सिद्ध झाला आहे, तो शांत करण्याचा आहे.

तेव्हा वाढदिवसाला केक संध्याकाळी सहाला कापावा, कोलाऐवजी पाणी किंवा ताक ठेवावं, भडक रंगाच्या गोळ्या टाळाव्यात आणि आठला मुलांना घरी न्यावं. रात्री मूल उड्या मारत असेल तर दिवे मंद करून गोष्ट सांगावी, साखरेचा हिशेब काढत बसू नये. आणि चंचलपणा, लक्ष न टिकणं हे घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त दिसत असेल, तर आहार बदलून वाट पाहत बसू नये. आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून बालमानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी घ्यावी. कल्याणहून लोकलने गाठता येणाऱ्या सायन, केईएम आणि नायर या महापालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत.